ऐंशी टक्के कोणाचे, कशाचे? एक डेल्फी अभ्यास वाचताना

डेल्फी अभ्यास, म्हणजे एखाद्या प्रश्नावर तज्ज्ञांची मतं फेऱ्याफेऱ्यांनी मागवून सहमती शोधणारा अभ्यास, हातात आला की नजर आधी सारांशातल्या टक्क्यावर जाते. ‘८० टक्क्यांहून अधिक सहमती’ असं लिहिलेलं दिसलं की निकाल लागल्यासारखं वाटतं. पण हा टक्का तीन वेगवेगळ्या वाटांनी वर चढतो. तज्ज्ञांची मतं खरोखर बदलली, ही एक वाट. ज्यांना पटलं नव्हतं ते मधेच गळाले, ही दुसरी. माणसं तीच राहिली, त्यांची मतंही तीच राहिली, पण ज्या वाक्यावर मत मागितलं होतं ते वाक्यच बदललं, ही तिसरी. शोधनिबंधात तिन्हींचा आकडा सारखाच छापला जातो. कुठल्या निबंधात कुठली वाट किती वापरली गेली हे शोधणं म्हणजेच डेल्फी वाचणं.

यासाठी एक खराखुरा अभ्यास समोर ठेवू. २०१६ साली ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात ‘कॅटालाइझ’ नावाच्या प्रकल्पाचा पहिला टप्पा प्रसिद्ध झाला. लेखक डोरोथी बिशप, मार्गारेट स्नोलिंग, पॉल थॉम्पसन, ट्रिश ग्रीनहाल्ह आणि ‘कॅटालाइझ’ गट. प्रश्न असा होता: ज्या मुलांची भाषा वयाच्या मानाने नीट विकसित होत नाही, त्यांतल्या कोणाला तज्ज्ञांच्या मदतीची गरज आहे हे कोणत्या निकषांवर ठरवायचं? शिक्षक, बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि स्पीच थेरपिस्ट यांच्यात यावर मेळ नव्हता. एकाच मुलाला एकीकडे एक नाव मिळायचं, दुसरीकडे दुसरं, आणि त्या नावावर मदत मिळणं न मिळणं ठरायचं. प्रयोगशाळेत मोजून सुटणारा हा प्रश्न नाही. म्हणूनच इथे डेल्फी शोभते.

पद्धत थोडक्यात अशी. तज्ज्ञांना एकत्र बसवत नाहीत. प्रत्येकाला विधानांची यादी पाठवतात, तो एकटा बसून प्रत्येक विधानाला गुण देतो आणि कारण लिहितो. संचालक सगळ्यांची उत्तरं गोळा करून, नावं काढून, गटाचा कल आणि शेरे परत सगळ्यांना पाठवतात. मग दुसरी फेरी. ही पद्धत अमेरिकेतल्या रँड संस्थेत १९५०च्या दशकात घडली. नॉर्मन डाल्की आणि ओलाफ हेल्मर यांनी १९६३ साली छापलेल्या त्या सुरुवातीच्या प्रयोगात फक्त सात तज्ज्ञ होते आणि पाच फेऱ्या झाल्या. अमेरिकेचं शस्त्रास्त्र-उत्पादन ठरावीक प्रमाणात घटवण्यासाठी शत्रूला किती अणुबॉम्ब लागतील, असा प्रश्न होता. सुरुवातीचे अंदाज ५० पासून ५,००० पर्यंत पसरले होते, म्हणजे सर्वांत मोठा अंदाज सर्वांत लहानाच्या शंभर पट. शेवटी तो फरक साधारण दुपटीवर आला. अंदाज जवळ आले एवढं यातून कळतं. ते बरोबर होते की नाही हे यातून कळत नाही, आणि ती मर्यादा आजही प्रत्येक डेल्फीला लागू आहे.

आता कॅटालाइझ उघडू. सारांशानंतर थेट निष्कर्षांकडे जाण्याचा मोह बाजूला ठेवावा आणि आधी तज्ज्ञगटाचं वर्णन वाचावं. इथे ५९ तज्ज्ञ होते, दहा व्यवसायक्षेत्रांतले, आणि सहा देशांतले: ऑस्ट्रेलिया, कॅनडा, आयर्लंड, न्यूझीलंड, ब्रिटन आणि अमेरिका. सगळे इंग्रजी बोलणारे देश. ही मर्यादा लेखक लपवत नाहीत. ती सारांशातच आहे. तरी वाचकाने ती डोक्यात पक्की ठेवायला हवी, कारण पुढे येणारं प्रत्येक ‘तज्ज्ञांचं मत’ हे या वर्तुळातलं मत आहे.

गट वाचताना संख्येपेक्षा घडण महत्त्वाची. दहा क्षेत्रं ऐकायला भरपूर वाटतात, पण कोणत्या क्षेत्राचे किती जण, हा खरा प्रश्न. निबंधात त्याचा तक्ता असतो आणि तो पेन्सिल घेऊन वाचावा. समजा ५९ जणांच्या एखाद्या गटात ४० जण एकाच व्यवसायाचे आहेत आणि उरलेले १९ बाकी सगळ्या क्षेत्रांतून आले आहेत. ८० टक्के गाठायला ४८ मतं लागतात (५९ चे ८० टक्के ४७.२ होतात आणि माणूस अपूर्णांकात मत देत नाही). ते ४० जण एका बाजूला आले की उरलेल्या १९ पैकी फक्त ८ जणांची साथ पुरते. म्हणजे बाकीच्या क्षेत्रांतल्या बहुसंख्य लोकांना एखादं विधान अमान्य असूनही ‘बहुविद्याशाखीय सहमती’ झाल्याची नोंद होऊ शकते. हे उदाहरण हिशेबापुरतं घेतलं आहे, कॅटालाइझचे आकडे हे नव्हेत. पण कुठल्याही डेल्फीत हा हिशेब पाच मिनिटांत करता येतो आणि तो केल्याशिवाय पुढे जाऊ नये. चांगल्या निबंधात एकत्रित टक्क्याच्या जोडीला क्षेत्रवार टक्केही दिलेले असतात. ते नसतील तर ती उणीव समजावी.

दुसरं पाहायचं ते हे की माणसं निवडली कशी. त्या विषयावर लिहिलेल्यांना बोलावलं का? संचालकांच्या ओळखीतून नावं आली का? ‘तज्ज्ञ’ ठरवायला किती वर्षांचा अनुभव, किती निबंध असा काही निकष आधी लिहून ठेवला होता का? किती जणांना बोलावलं आणि किती जणांनी नकार दिला? नकाराची संख्या न छापणारे निबंध पुष्कळ आहेत, आणि ही छोटी चूक मानू नये. प्रश्नाची मांडणीच ज्यांना चुकीची वाटते ते बहुधा पहिल्याच पत्राला नाही म्हणतात. त्यांचा विरोध कुठल्याच फेरीत मोजला जात नाही.

तिसरं, पहिल्या फेरीची विधानं आली कुठून? मूळ पद्धतीत पहिली फेरी मोकळी असते आणि तज्ज्ञ स्वतःच मुद्दे सुचवतात. आजकाल बऱ्याचदा तयार यादी पाठवतात. कॅटालाइझमध्ये ४६ विधानं होती आणि ती याच विषयावरच्या एका नियतकालिकाच्या विशेषांकातल्या लेखांवर आणि त्यांवरच्या प्रतिक्रियांवर आधारलेली होती. त्या अंकातल्या मुख्य लेखांपैकी एक खुद्द बिशप यांचा होता, आणि पुढे उत्तरांची सांगड घालण्याचं काम बिशप आणि स्नोलिंग यांनीच केलं. दोघीही या क्षेत्रातल्या अग्रगण्य संशोधक. यात काही गैर घडलं असं अजिबात सुचवायचं नाही. विषय जाणणारा माणूसच शेरे नीट वाचू शकतो, आणि सगळं उघड लिहिलेलं आहे. पण वाचकाने नोंद घ्यावी: टेबलावर काय ठेवायचं हे ज्यांनी ठरवलं, वाक्यं बदलणारेही तेच होते. यादीत जे आलंच नाही त्यावर सहमती किंवा मतभेद, काहीच दिसणार नाही.

आता उंबरठ्याकडे. किती टक्क्यांना सहमती म्हणायचं याचा सर्वमान्य नियम नाही. १०० डेल्फी अभ्यासांचा आढावा घेणारा एक निबंध २०१४ साली आला. सहमती तपासल्याचा दावा ९८ अभ्यासांनी केला होता, पण सहमतीची व्याख्या ७२ अभ्यासांतच दिलेली होती आणि ती आधीपासून ठरवलेली होती फक्त ६४ मध्ये. टक्केवारीचा निकष सर्वांत जास्त वापरलेला, आणि त्याचा मध्यक ७५ टक्के. म्हणून निबंध वाचताना पद्धतीच्या भागात एकच वाक्य शोधायचं: उंबरठा उत्तरं येण्याआधी ठरला होता का? ते वाक्य नसेल तर उंबरठा निकाल पाहून ठेवला गेला असण्याची शक्यता उरते. धनुष्यातून बाण सुटल्यावर भोवती वर्तुळ काढलं तर नेम नेहमीच बरोबर लागतो.

टक्का ठरला तरी तो कशाचा, हे वेगळं पाहावं लागतं. कॅटालाइझच्या पहिल्या फेरीत सात गुणांची पट्टी होती, आणि प्रत्येक विधानाला दोनदा गुण द्यायचे होते: विधान या प्रश्नाशी किती संबंधित आहे आणि ते किती खरं आहे. ही विभागणी फार उपयोगाची आहे, कारण ‘मुद्दा महत्त्वाचा आहे पण तुम्ही जे म्हणता ते चूक आहे’ असं म्हणायला तज्ज्ञाला जागा मिळते. एकाच गुणात दोन्ही कोंबलं तर मधला आकडा येतो आणि त्याचा अर्थ कोणालाच लागत नाही. दुसऱ्या फेरीची सहमती मोजताना ‘सहमत’ आणि ‘पूर्ण सहमत’ एवढेच धरले. ज्या पट्टीवर ‘काहीसा सहमत’ अशीही पायरी असते तिथे ती पायरी सहमतीत मोजली की नाही, यावर निकाल पालटू शकतो. आरोग्यसेवेतल्या पुष्कळ डेल्फींमध्ये नऊ गुणांची पट्टी असते आणि ७ ते ९ देणारे किमान ७० टक्के असावेत, शिवाय १ ते ३ देणारे १५ टक्क्यांपेक्षा कमी असावेत, अशी दुहेरी अट घालतात. ही दुसरी अट आम्हाला फार मोलाची वाटते. नुसत्या ७० टक्क्यांत उरलेले ३० टक्के कुठे आहेत ते कळत नाही. ते मधे घुटमळत आहेत की ठाम विरोधात उभे आहेत, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

गटाचा आकारही टक्क्याशी जोडून वाचावा. दहा जणांच्या गटात एक माणूस म्हणजे दहा टक्के. एकाने मत फिरवलं की ७० चे ८० होतात. ५९ जणांत एक माणूस जेमतेम १.७ टक्के. तरीही मोठ्या गटाचा टक्का त्या क्षेत्रातल्या सगळ्यांचा टक्का होत नाही. गट सोडत काढून निवडलेला नसतो, तेव्हा ‘क्षेत्रातल्या ८० टक्के लोकांना असं वाटतं’ हे वाक्य कुठल्याच डेल्फीतून निघत नाही.

निकाल असा: दुसऱ्या फेरीत २७ विधानं होती, आणि त्यांतल्या २४ विधानांवर किमान ८० टक्के सहमती झाली. इथे थांबून सुरुवातीच्या तीन वाटा आठवायच्या. ४६ विधानांची २७ झाली. मधे काही काढली, काही एकत्र केली, काहींचे शब्द बदलले, आणि हे सहमती वाढावी या उद्देशानेच केल्याचं लेखक स्पष्ट सांगतात. म्हणजे पहिल्या फेरीतला टक्का आणि दुसऱ्या फेरीतला टक्का शेजारी ठेवून ‘तज्ज्ञ बदलले’ असं म्हणता येत नाही, कारण ज्याला गुण दिले ती वस्तूच एक राहिली नाही. इथे तिसरी वाट मोठ्या प्रमाणात वापरली गेली.

वाक्य बदलणं वाईट नाही. पहिल्या फेरीतलं विधान धूसर असेल, त्यात दोन मुद्दे एकत्र असतील, तर ते सुधारायलाच हवं. धोका वेगळा आहे. न पटणारं टोक घासत घासत वाक्य इतकं गुळगुळीत होतं की त्याला नाही म्हणायला कारणच उरत नाही. ‘मुलाची तपासणी करताना विविध बाबींचा विचार व्हावा’ या वाक्याला शंभर टक्के मिळतील आणि त्याने दवाखान्यात काहीही बदलणार नाही. यावर आमची साधी कसोटी अशी: अंतिम विधान उलटं करून पाहावं. उलटं केलेलं वाक्य कोणी शहाणा माणूस गंभीरपणे मांडू शकत असेल, तर मूळ विधानात जीव आहे. कोणीच मांडणार नसेल, तर त्या टक्क्याला किंमत नाही.

कॅटालाइझ या कसोटीला उतरतो. २०१७च्या दुसऱ्या टप्प्यात ५७ जणांच्या गटाने नावांचा प्रश्न घेतला. तिथे मान्य झालेलं एक विधान असं: विकासात्मक भाषाविकार म्हणण्यासाठी मुलाची भाषिक क्षमता आणि अशाब्दिक बुद्धिमत्ता यांच्यात तफावत असलीच पाहिजे असं नाही. याचं उलट वाक्य कित्येक वर्षं प्रत्यक्ष वापरात होतं, आणि त्यामुळे बुद्धिमत्तेच्या चाचणीत कमी गुण मिळालेल्या मुलांना भाषेची मदत नाकारली जायची. असं विधान सहमतीने पार होतं तेव्हा खरोखर काहीतरी हललेलं असतं. याच टप्प्याच्या सारांशात ‘२१ पैकी १९ विधानांवर किमान ७८ टक्के’ असा आकडा आहे. पहिल्या टप्प्यात ८०, इथे ७८. असा आडनिडा आकडा दिसला की विचारायचं: हा आधी ठरवलेला उंबरठा आहे, की त्या १९ विधानांतला सर्वांत खालचा टक्का? दोन्ही छापणं रास्त आहे, पण त्यांचा अर्थ वेगळा. सारांशावरून ते कळत नाही, पद्धतीच्या भागात जावं लागतं.

दुसरी वाट, म्हणजे गळती, हिशेबाने चटकन कळते. समजा ४० जणांच्या गटात २६ जण सहमत आहेत, म्हणजे ६५ टक्के. दुसऱ्या फेरीत न पटलेल्या १४ पैकी ८ जणांनी उत्तरच पाठवलं नाही. एकाचंही मत बदललं नाही, तरी टक्का २६ भागिले ३२, म्हणजे ८१ होतो. म्हणून प्रत्येक फेरीत किती उत्तरं आली हे पाहावंच, आणि गळालेल्यांनी पहिल्या फेरीत काय म्हटलं होतं हे लेखकांनी तपासलं आहे का तेही पाहावं. तपासलं नसेल तर वाचकाने स्वतः वाईटात वाईट हिशेब करावा: गळालेले सगळे विरोधात धरले तर उंबरठा टिकतो का?

उरली पहिली वाट, मतं खरोखर बदलणं. ग्रुपथिंकचा, म्हणजे गटाशी जुळवून घेण्याच्या ओढीत स्वतःचा विचार सोडून देण्याचा, प्रश्न इथेच येतो. आयर्विंग जॅनिस यांनी १९७२ सालच्या पुस्तकात ही संकल्पना सविस्तर मांडली तेव्हा त्यांच्यासमोर होते एका खोलीत बसणारे, एकमेकांना धरून असलेले निर्णयगट. डेल्फीत खोली नाही, चेहरे नाहीत, पदाचा दबाव नाही, म्हणून इथे ग्रुपथिंक होत नाही असं मानलं जातं. हे अर्धंच खरं आहे. दबाव आकड्यातूनही येतो. ‘गटाचा मध्यक ६, तुमचा गुण २’ असं कागदावर दिसलं की हात डळमळतो.

हे प्रयोगाने दाखवलेलं आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात शिक्षण-महाविद्यालयाच्या उद्दिष्टांवर झालेल्या एका डेल्फीत सायफर्ट आणि गँट या संशोधकांनी मुद्दाम एक बनावट उद्दिष्ट यादीत घातलं. सुरुवातीला त्याला सरासरीहून कमी गुण मिळाले. मग गटाने त्याला भरपूर गुण दिल्याचं खोटंच कळवलं. पुढच्या फेरीत त्या उद्दिष्टाचे गुण सरासरीच्या बरेच वर गेले. हे १९७१ साली प्रसिद्ध झालं. यात कोणी कोणाला भेटलं नव्हतं, कोणी युक्तिवाद केला नव्हता. फक्त एक आकडा दाखवला होता.

म्हणून परत काय पाठवलं हे बारकाईने वाचायचं. नुसता मध्यक पाठवला की सगळे मध्यकाकडे सरकतात. गुणांचा पूर्ण पसारा आणि लिहिलेली कारणं पाठवली, विशेषतः विरोधातली, तर निदान कारण वाचून सरकण्याची शक्यता असते. सरकलेल्यांनी नवीन कारण दिलं का, हेही पाहावं. पसारा अरुंद झाला पण शेऱ्यांत नवीन मुद्दा एकही नाही, तर ते पटणं कमी आणि जुळवून घेणं जास्त. उलट कॅटालाइझच्या दुसऱ्या फेरीत सहमती देतानाही अनेकांनी ‘पण’ लिहून आपलं मत मर्यादित केलं, आणि लेखकांनी ते नोंदवलं. सहमतीला चिकटलेले हे ‘पण’ दिलासा देणारे आहेत. माणसं विचार करत होती याची ती खूण.

एक गोष्ट मात्र कुठलीही फेरी दुरुस्त करू शकत नाही. सगळे एकाच परंपरेत शिकलेले, एकाच भाषेतल्या मुलांवर काम करणारे असतील तर मतं जुळवून घ्यायची गरजच पडत नाही. ती पहिल्या फेरीआधीच जुळलेली असतात. तिथे पसारा सुरुवातीपासूनच अरुंद दिसतो, आणि ते यशासारखं दिसतं. पहिल्याच फेरीत ९५ टक्के आले तर आनंद मानण्याआधी तज्ज्ञगटाच्या तक्त्याकडे परत जावं.

घरी मराठी बोलणाऱ्या आणि इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलाचं उदाहरण घेतलं की हे सगळं जमिनीवर येतं. शाळेच्या इंग्रजीत मूल मागे आहे, पण घरच्या भाषेत त्याला वयाप्रमाणे बोलता-समजता येतं, तर त्याला भाषाविकार म्हणू नये, अशी भूमिका कॅटालाइझच्या दुसऱ्या टप्प्यात आहे. ती इथे जशीच्या तशी घेता येते, कारण तिच्यामागचा तर्क कुठल्याही भाषेला लागू पडतो. मात्र घरच्या भाषेत ‘वयाप्रमाणे’ म्हणजे नेमकं काय, मराठीत तीन वर्षांच्या मुलाने कोणते प्रत्यय वापरायला हवेत, ‘ती आली’ आणि ‘तो आला’ यांतला भेद कधी पक्का व्हायला हवा, याचं उत्तर सहा इंग्रजीभाषक देशांतून निवडलेल्या गटाकडून येणार नाही. त्यासाठी मराठी मुलांचं बोलणं मोजावं लागेल, आणि त्यानंतर भरवायच्या डेल्फीत मराठीत काम करणारे थेरपिस्ट, बालवाडीच्या शिक्षिका, अंगणवाडी सेविका आणि पालक लागतील, प्रत्येकाची संख्या आधी लिहून ठेवून.

तोपर्यंत कॅटालाइझ हाती घ्यावा तो शेवटाकडून. ज्या तीन विधानांना ८० टक्के मिळाले नाहीत ती, आणि उरलेल्या मतभेदांवरची लेखकांची टिप्पणी, हे आधी वाचावं. मग २४ मान्य विधानांकडे यावं आणि प्रत्येकापाशी पेन्सिलीने लिहावं: मत बदललं, माणूस गळाला, की वाक्य बदललं.